"दुसऱ्या कॉलममधला शेवटचा आकडा बदल" असा मेसेज आला तर आधी काय करायचं

सोसायटीचं, मंडळाचं, क्लासचं किंवा छोट्या ऑफिसचं एक्सेल शीट नुकतंच ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. फॉर्म्युले शिकवणारे व्हिडिओ पोत्याने मिळतात, पण खरी गडबड होते ती माणसांच्या बोलण्यातून, कोणीतरी फोनवर सांगतं "अरे दुसऱ्या कॉलममधे बघ, शेवटच्या रो मधे, तो आकडा चुकलाय" आणि आपण हो हो म्हणून बदलून टाकतो. नेमका कुठला दुसरा आणि कुठला शेवटचा हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही, कारण दोघांनाही आपल्या समोर ते स्पष्ट दिसत असतं.

माझ्याकडून हे एकदा झालंय, तेच आधी सगळं सांगतो कारण पुढच्या पायऱ्या त्यातूनच आल्यात.

आमच्या बिल्डिंगमधे दहा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे 101 ते 1004 असे 40 फ्लॅट. मेंटेनन्स महिन्याला 2,500, सगळ्यांना सारखा. माझ्या शीटमधे रो 1 ला मोठं टायटल ("मे महिना मेंटेनन्स", सगळे सेल मर्ज करून मधोमध), रो 2 ला हेडिंग, रो 3 ते 42 फ्लॅट, 43 रिकामी, 44 ला एकूण. कॉलम असे:

A अ.क्र., B फ्लॅट, C नाव, D मोबाईल, E मेंटेनन्स, F मागची बाकी, G जमा, H तारीख.

D मी हाइड करून ठेवतो, कारण फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि सगळ्यांचे नंबर कशाला दाखवायचे. (तसं बघितलं तर हाइड केल्याने काही लपत नाही, समोरचा एका क्लिकमधे अनहाइड करू शकतो, पण तो वेगळा विषय.)

तर सेक्रेटरी काकांचा मेसेज: "दुसऱ्या कॉलममधे शेवटच्या रो ला 2500 आहे ते 5000 कर, पैसे आलेत." मी बघितलं, दुसरा कॉलम म्हणजे B, पण तिथे फ्लॅट नंबर आहेत, आकडा कसा बदलणार, मग काका रकमांचे कॉलम मोजत असणार असं धरलं, मेंटेनन्स पहिला, मागची बाकी दुसरा. शेवटची रो, 1004. तिथे गेलो तर काय, खरंच 2,500! पटकन 5,000 केलं आणि "झालं काका" असं लिहून मोकळा झालो.

दोन दिवसांनी 1004 मधल्या काकू खाली उभ्या. त्यांनी एप्रिल भरला नव्हता, म्हणजे बाकी 2,500 आणि मे चे 2,500 असं 5,000 चं बिल यायला पाहिजे होतं, आलं 7,500 चं. "पैसे आलेत" म्हणून मी ज्यांची बाकी वाढवली त्यांनी पैसे दिलेच नव्हते, आणि ज्यांनी दिले होते ते होते 904 वाले, त्यांचे बँकेत 5,000 जमा झाले होते आणि माझ्या शीटमधे 2,500 च दिसत होते.

काकांचं काय चुकलं? खरं सांगू का, काही नाही. त्यांच्या हातात नोटीस बोर्डावर लावायची प्रिंट होती. त्या प्रिंटमधे मागची बाकी हा कॉलम काढून टाकतात, कोणाची किती बाकी हे चारचौघात नको म्हणून, त्यामुळे त्यांच्या कागदावर रकमेचा दुसरा कॉलम होता "जमा". आणि त्यांच्या यादीत शेवटचा फ्लॅट 1004 नव्हताच, 904 होता. हे कसं ते खाली सविस्तर येतंय, कारण ही सगळ्यात मजेशीर भानगड आहे.

पायरी 1: बदल करण्याआधी शीट कुठल्या अवस्थेत आहे ते बघा

मेसेज आला की लगेच सेलवर जायचं नाही. आधी वर कॉलमची अक्षरं वाचायची, A B C आणि मग डायरेक्ट E दिसलं की D लपलेलाय. एक्सेलमधे त्या दोन अक्षरांच्या मधे रेघही जराशी जाड, दुहेरी दिसते. लपलेला कॉलम उघडायचा तर C पासून E पर्यंत अक्षरांवरून माउस ओढून सिलेक्ट करा, राइट क्लिक, Unhide.

मग डाव्या बाजूचे रो नंबर बघा. नंबर मधेच उडी मारतायत आणि निळे झालेत याचा अर्थ फिल्टर लागलाय, खाली स्टेटस बारवर 12 of 40 records found असं काहीतरी लिहिलेलंही दिसतं. फिल्टर लागलेला असताना "पाचवी रो" म्हणजे डोळ्यांना दिसणारी पाचवी की रो नंबर 5 हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि नंबर उडी मारतायत पण काळेच आहेत तर कोणीतरी रो हाताने हाइड केल्यात.

तिसरी गोष्ट म्हणजे यादी कशाच्या क्रमाने लावलीय. हे एक्सेल कुठे मोठ्या अक्षरात लिहून दाखवत नाही, हेडिंगवर फिल्टरचं बटण असेल तर सॉर्ट केलेल्या कॉलमवर छोटा बाण येतो, नसेल तर डोळ्यांनीच ओळखायचं, वरपासून चार पाच ओळी वाचून.

हे तिन्ही बघायला एक मिनिट लागत नाही.

पायरी 2: मोजणी कुठून सुरू झाली ते विचारा

"दुसरा कॉलम" याचे माझ्याच त्या शीटवर किती अर्थ निघतात बघा. शीटच्या डाव्या कडेपासून मोजलं तर B. अ.क्र. ला कोणी कॉलम म्हणून मोजतच नाही (बहुतेक लोक मोजत नाहीत, तो त्यांना नुसता नंबर वाटतो), तसं धरलं तर C. फक्त रकमा मोजल्या तर F. प्रिंटवरच्या रकमा मोजल्या तर G. चार माणसं चार कॉलम सांगतील आणि चौघंही बरोबर.

हे फक्त शीटचंच नाही म्हणा, आपल्याकडे पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आणि अमेरिकेतला भाचा "फर्स्ट फ्लोअर" म्हणतो तेव्हा तो जमिनीवरचाच मजला असतो. घरात कोणी प्रोग्रॅमिंगवालं असेल तर अजून वेगळंच, पायथनवाली मंडळी शून्यापासून मोजतात. साध्या फाइलमधे, जिथे हेडिंग रो 1 ला आहे, तिथली एक्सेलमधली रो 7 त्यांच्या पांडास नावाच्या पायथन टूलमधे 5 नंबरची असते, कारण हेडिंग मोजत नाहीत आणि पहिली ओळ शून्य. त्यांनी "पाचव्या रो ला एरर आहे" म्हटलं की निमूटपणे रो 7 बघायची, पण आधी विचारून.

म्हणून उलटा प्रश्न टाकायचा आणि त्यात "दुसरा" हा शब्द येऊच द्यायचा नाही. काकांना मी आता असं विचारतो: "हेडिंगला काय लिहिलंय, मागची बाकी की जमा? आणि फ्लॅट नंबर कुठला?" बास. कॉलमला हेडिंग असतंच, रो ला फ्लॅट नंबर असतोच, मोजायची गरजच नाही.

इथे नवीन लोक म्हणतात की आकडा जुळला की झालं, 2,500 लिहिलंय सांगितलं आणि तिथे 2,500 च आहे म्हणजे बरोबर जागा. मी पण हेच केलं ना! पण ज्या शीटमधे सगळ्यांना मेंटेनन्स सारखा आहे तिथे 2,500 हा आकडा चाळीस जागी तरी असतो. जुना आकडा सांगून खात्री करणं चांगलंच, पण तो आकडा यादीत एकदाच येत असेल तरच त्याचा उपयोग. Ctrl+F ने 2500 शोधून Find All दाबा, किती ठिकाणी सापडतो ते खाली दिसतं.

पायरी 3: "शेवटची" म्हणजे कुठली, हे तीन प्रकारे तपासा

माझ्या शीटवर रो 42 शेवटच्या फ्लॅटची आहे, पण कागदावर सगळ्यात खाली आहे रो 44, एकूणची. कोणी "शेवटची रो डिलीट कर" म्हटलं तर टोटलच उडायची. आणि कोणी "शेवटची एन्ट्री" म्हणतं तेव्हा त्याच्या डोक्यात जागा नसतेच, वेळ असते, म्हणजे सगळ्यात अलीकडे पैसे भरले ते, आणि तो माणूस यादीत 203 ला मधेच कुठेतरी बसलेला असतो.

एक्सेलला विचारलं तर त्याचंही स्वतःचं मत असतं. Ctrl+End दाबलं की तो जातो वापरलेल्या भागाच्या शेवटच्या सेलला, आणि "वापरलेला" मधे नुसता रंग दिलेला किंवा बॉर्डर मारलेला रिकामा सेलही येतो. कोणीतरी कधीतरी रो 500 पर्यंत बॉर्डर मारून ठेवली असेल तर Ctrl+End तुम्हाला 500 वर नेऊन सोडणार, तिथे काही नसलं तरी. त्या फालतू रो पूर्ण सिलेक्ट करून डिलीट करायच्या आणि फाइल सेव्ह करायची, मग ते ठिकाणावर येतं.

Ctrl+खालचा बाण याचं उलट. तो पहिल्या रिकाम्या सेलच्या आधी थांबतो. तारीख कॉलममधे H3 वर उभं राहून दाबलं आणि चौथ्याच फ्लॅटने पैसे भरले नसतील तर तो तिसऱ्यावरच थांबणार आणि तुम्हाला वाटणार यादी संपली. म्हणून शेवट शोधायचा तर ज्या कॉलममधे एकही सेल रिकामा नसतो तिथून शोधायचा, आमच्याकडे तो फ्लॅटचा कॉलम B.

शेवटचा भरणा पाहिजे असेल तर जागा बघायचीच नाही, तारखेला विचारायचं:

```
=MAX(H3:H42)
```

याचं उत्तर 0 किंवा 1900 सालातली काहीतरी विचित्र तारीख आलं तर समजायचं की तारखा तारखा नाहीतच, टेक्स्ट आहेत. बँकेच्या साइटवरून कॉपी केलेल्या तारखांचं असं बऱ्याचदा होतं. थोड्या तारखा खऱ्या आणि थोड्या टेक्स्ट असतील तर मात्र घोळ कळतही नाही, MAX फक्त खऱ्या तारखांतली मोठी देतो आणि बाकीच्या गुपचूप सोडून देतो. ओळखायची खूण अशी की तुम्ही हाताने डावीकडे उजवीकडे अलाइन केलं नसेल तर खरी तारीख सेलमधे उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे.

पायरी 4: सॉर्टने शेवट कसा बदलतो (904 ची भानगड)

आता काकांची यादी. त्यांनी त्यांच्या कॉपीमधे फ्लॅट नंबर दुसऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपमधून काढलेल्या यादीतून पेस्ट केले होते, त्यामुळे ते आकडे दिसत होते पण होते टेक्स्ट, सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असतो ना, तोच. मग त्यांनी फ्लॅटप्रमाणे सॉर्ट केलं. टेक्स्ट सॉर्ट होतं अक्षर अक्षर बघून, डिक्शनरीसारखं. 1001 आणि 101 मधे पहिलं अक्षर सारखं, दुसरं सारखं, तिसऱ्याला 0 विरुद्ध 1, शून्य लहान, म्हणून 1001 आधी. तर यादी अशी लागली:

1001, 1002, 1003, 1004, 101, 102, 103, 104, 201 ... 903, 904.

दहावा मजला सगळ्यात वर आणि शेवटी 904. माझ्याकडे तेच नंबर खरे आकडे होते म्हणून 101 पासून 1004. डेटा तोच, 40 च्या 40 फ्लॅट तेच, A टू Z सॉर्ट दोघांनीही केलेलं, आणि शेवटची रो वेगळी. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग काकूंचं बिल आठवलं.

एक्सेल अशा वेळी खरं तर विचारतो. Sort Warning अशी खिडकी येते आणि दोन पर्याय असतात, Sort anything that looks like a number, as a number आणि Sort numbers and numbers stored as text separately. पहिला निवडला की 1004 शेवटी, दुसरा निवडला की 904 शेवटी. पण ती खिडकी कोण वाचतं, कुठलातरी पर्याय निवडून ओके दाबायचं आणि पुढे. आणि तुमचे फ्लॅट A-101, B-1002 असे विंगसकट असतील तर ही खिडकी येणारच नाही कारण ते आकड्यासारखे दिसतच नाहीत, तिथे 1001 गुपचूप 101 च्या वर जाऊन बसणार.

उपाय सोपा आहे. नंबर टेक्स्ट असतील तर बाजूला एक कॉलम घेऊन त्यात

```
=VALUE(B3)
```

असं खालपर्यंत ओढायचं आणि त्या कॉलमवर सॉर्ट करायचं. विंगवाले नंबर असतील तर पहिल्यापासून चार अंकी लिहायचे, A-0101, A-1001, मग अक्षर अक्षर बघूनही क्रम बरोबर लागतो. दिसायला जरा सरकारी दिसतं पण चालतं.

एक दुसरी Sort Warning पण असते, ती जास्त घातक आहे. तुम्ही फक्त एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केलं की विचारते Expand the selection की Continue with the current selection. दुसरं दाबलं तर तेवढा एकच कॉलम हलतो आणि बाकीचे जागेवर राहतात, म्हणजे 101 ची रक्कम 702 च्या नावासमोर. लगेच Ctrl+Z. फाइल सेव्ह करून बंद केल्यावर लक्षात आलं तर मग जुनी कॉपी शोधायची, दुसरा इलाज नाही.

नावाप्रमाणे सॉर्ट करणाऱ्यांसाठी अजून एक, हे इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. शाळेतल्या तक्त्यात आपण शिकलो ह, ळ, क्ष, ज्ञ, म्हणजे क्षीरसागर आडनाव अगदी शेवटी यायला पाहिजे. पण कॉम्प्युटरसाठी क्ष हे वेगळं अक्षर नाहीच, ते क ला ष जोडून बनतं, त्यामुळे मराठीचे नियम न पाळणाऱ्या प्रोग्रॅममधे क्षीरसागर जातात क च्या घरात, खरे यांच्या आधी. आणि ळ चं काय, तर कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो कोड नंबर देतो त्या युनिकोडच्या टेबलात ळ बसलाय ल च्या लगेच पुढे, आणि मराठीच्या क्रमात ह च्या पुढे. काळे आणि कासार यांच्यात कोण आधी हे तुमचा प्रोग्रॅम मराठीचे नियम पाळतो की नुसते कोड बघतो त्यावर ठरतं, आणि दोन वेगळ्या प्रोग्रॅममधे दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. मतदार यादी, हजेरीपट, भिशीची यादी, जिथे नावं देवनागरीत आहेत तिथे "यादीतलं शेवटचं नाव" असं फोनवर कधीच सांगू नका.

पायरी 5: अनुक्रमांक नीट द्या, म्हणजे परत येता येईल

सॉर्ट केल्यावर मूळ क्रमाला परत यायचं असेल तर मूळ क्रम कुठेतरी लिहिलेला लागतो, त्यासाठीच अ.क्र. असतो. पण बरेच जण तो फॉर्म्युल्याने देतात, =ROW()-2 असं, छान वाटतं, रो वाढवल्या की नंबर आपोआप येतात. यात गोची अशी की सॉर्ट केल्यावर तो फॉर्म्युला नवीन जागेचा नंबर काढतो, अ.क्र. पुन्हा 1 ते 40 असाच सरळ दिसतो आणि आधी कोण कुठे होतं याची काही खूण राहत नाही. म्हणजे काकांच्या यादीत 40 नंबरला 904 आणि माझ्या यादीत 40 नंबरला 1004, दोन्हीकडे नंबर व्यवस्थित.

म्हणून अ.क्र. हाताने लिहिलेले आकडे पाहिजेत. फॉर्म्युल्याने दिले असतील तर कॉलम कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values करून टाका. नवीन सभासद आला तर पुढचा नंबर द्यायचा, मधे घुसवून सगळ्यांचे नंबर सरकवायचे नाहीत. आणि खरं तर फ्लॅट नंबर असताना अ.क्र. वर बोलायचंच कशाला, तो फक्त क्रम परत आणायला.

पायरी 6: तुमचे फॉर्म्युलेही "सहावा कॉलम" म्हणतायत का ते बघा

माणसांना सुधारलं तरी शीटच्या आत हीच सवय लपलेली असते. फ्लॅट नंबर देऊन त्याच्या ओळीतली रक्कम काढायला VLOOKUP सगळे वापरतात:

```
=VLOOKUP(1004,B3:H42,6,FALSE)
```

यातला 6 म्हणजे काय? A पासून मोजून सहावा नाही, तुम्ही दिलेल्या रेंजमधला सहावा, इथे रेंज B पासून आहे म्हणून B पहिला, C दुसरा, आणि लपलेला D सुद्धा मोजला जातो, तो तिसरा. असं मोजत गेलं की सहावा येतो G, जमा. पण नवीन माणूस स्क्रीनकडे बघून मोजतो, त्याला D दिसत नाही, तो जमा साठी 5 लिहितो आणि उत्तर येतं F चं, मागच्या बाकीचं. एरर येत नाही, व्यवस्थित आकडा येतो, फक्त चुकीचा. म्हणजे मी जी चूक केली तीच, पण 40 ओळींत एकदम.

पुढे कधी कोणी मधे "दंड" म्हणून नवीन कॉलम घातला तर रेंज आपोआप मोठी होते पण तो 6 तसाच राहतो. आणि शेवटचा FALSE विसरलात तर VLOOKUP असं धरून चालतो की पहिला कॉलम चढत्या क्रमाने लावलाय, तो तसा लावलेला नसेल तर भलत्याच फ्लॅटची रक्कम देऊ शकतो.

म्हणून मोजणीच काढून टाका:

```
=INDEX(G3:G42,MATCH(1004,B3:B42,0))
```

म्हणजे B मधे 1004 कुठे आहे ते शोध आणि G मधलं त्याच ओळीतलं दे. मधे कॉलम घातला तरी G चं H होऊन फॉर्म्युला आपोआप बदलतो. एक्सेल 2021, 365 किंवा गूगल शीट्स असेल तर अजून सोपं:

```
=XLOOKUP(1004,B3:B42,G3:G42)
```

दोन्हींत #N/A आलं आणि फ्लॅट तर समोर दिसतोय, तर परत तीच गोष्ट, B मधले नंबर टेक्स्ट आहेत आणि तुम्ही आकडा शोधताय.

चूक झालीय हे कसं कळतं

माझी चूक खरं तर काकू यायच्या आधीच दिसायला पाहिजे होती. जमा कॉलमची टोटल बँकेच्या पासबुकाशी लावली असती तर 2,500 कमी आले असते, आणि गंमत म्हणजे मी बदल "केल्यानंतर" पण 2,500 च कमी राहिले असते, कारण मी बदलला होता F आणि फरक होता G मधे. दुसरीकडे मागच्या बाकीची टोटल एप्रिल अखेरच्या टोटलशी जुळायला हवी ती 2,500 ने वाढलेली. एका सेलमधे बदल केल्यावर जी टोटल हलायला पाहिजे ती हलली नाही आणि जी हलायला नको ती हलली, याचा अर्थ तुम्ही शेजारच्या दारात शिरलात. म्हणून बदल करताना रो 44 च्या टोटल आधी कागदावर लिहून घेतो आणि नंतर परत बघतो, कुठली हलली ते.

याची मर्यादा पण आहे. कॉलम बरोबर पण रो चुकली, म्हणजे 904 चे पैसे 1004 च्या जमा मधे टाकले, तर टोटल एकदम परफेक्ट जुळते आणि चूक दिसत नाही. ती फक्त फ्लॅट नंबर बघूनच पकडता येते, किंवा काकू येतात.

आता आमच्याकडे मेसेज असा टाकायचा ठरलंय, ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमधेच लिहून ठेवलाय:

"फ्लॅट 904, जमा, आत्ता 2,500 दिसतंय, 5,000 पाहिजे, बँकेत 12 मे ला आलेत."

काकांना सुरुवातीला हे फार लांबलचक वाटायचं, "एवढं कशाला, दिसतंय की समोर". मग एकदा त्यांच्या प्रिंटची आणि माझ्या स्क्रीनची शेवटची ओळ शेजारी शेजारी ठेवून दाखवली. आता ते स्वतःच बाकीच्यांना विचारतात, "हेडिंग काय आणि फ्लॅट कुठला ते आधी सांगा." तरी परवा पुन्हा त्यांचाच मेसेज आला, "तिसऱ्या मजल्यावरचा दुसरा फ्लॅट". मी विचारलं, जिन्यातून वर आल्यावर दुसरा की लिफ्टमधून उतरल्यावर दुसरा? दोन मिनिटांनी उत्तर आलं, "303".